'माहिती बदलता यावी' एवढ्याने भागत नाही

शाळेच्या वेबसाइटसाठीच्या आवश्यकतांच्या कागदात 'प्रवेशाची माहिती बदलता यावी' एवढंच असलं की डेव्हलपर तारखा थेट पानांत टाइप करतो. मुदत वाढली की मुख्य पानावर नवी तारीख, सूचनेत जुनी, आणि पालकांचे फोन सुरू. ते वाक्य काढून असं लिहिलं: शेवटची तारीख एकाच ठिकाणी भरायची, ती दाखवणाऱ्या चारही पानांनी ती तिथूनच घ्यायची. त्या दिवशी रात्री 11:59 नंतर अर्जाचं बटण जाऊन 'प्रवेश बंद' दिसावं. वेळ लिहिली नाही, तर बटण आदल्या मध्यरात्रीच गायब होऊ शकतं.

त्याच कागदात खाली तपासणी लिहिली: लिपिकाने कुणाच्या मदतीशिवाय तारीख बदलून चारही पानं मोबाइलवर पाहायची, डेव्हलपरला पैशांचा शेवटचा हप्ता त्यानंतरच. पीडीएफ माहितीपत्रक असं बदलत नाही, म्हणून त्यात तारीख छापायचीच नाही.