या चुका टाळा: रेषा डोलते म्हणून ट्यूनिंगला हात घालणे

सोलापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात, गाळप जोरात असताना, कच्च्या रसाचा प्रवाह काही दिवस ताशी 212 ते 228 घनमीटरच्या दरम्यान डोलत होता. चुन्याचे दूध याच प्रवाहाच्या प्रमाणात सोडले जात असल्याने रसाचा सामूही त्याबरोबर खालीवर होई आणि सगळा दोष चुन्याच्या लूपवर जाई. दिवसपाळीने प्रवाहाच्या नियंत्रकाचा गेन, म्हणजे चुकीला मिळणाऱ्या प्रतिसादाचा जोर, निम्मा केला. त्याने लाटेची उंची तेवढीच राहिली, फक्त दोन मिनिटांची लाट चार मिनिटांची झाली. माझ्या मते खरी खूण इथेच होती, कारण दोष ट्यूनिंगचा असता तर गेन कमी केल्यावर लाट विरत गेली असती.

रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने आधी ट्रेंडची नोंद बदलली. एका मिनिटाच्या सरासरीत लाटेचे कोपरे झिजून ती गोलसर दिसते, म्हणून त्याने एका सेकंदाच्या नोंदी काढल्या आणि प्रवाह व नियंत्रकाचे आउटपुट एकाच पडद्यावर लावले. आउटपुट 41 ते 45 टक्क्यांमध्ये करवतीच्या दातांसारखे सरळ चढत-उतरत होते. प्रवाह मात्र बराच वेळ सपाट राहून एकदम उडी मारी. व्हॉल्व्ह अडकलेला असताना नियंत्रकातला इंटिग्रल भाग, म्हणजे साचत जाणाऱ्या चुकीवर चालणारी क्रिया, आउटपुट वाढवत नेतो, जोर पुरेसा झाला की दांडा झटक्याने सुटतो आणि गरजेपेक्षा पुढे जाऊन पुन्हा अडकतो. (ही जोडी प्रवाहाच्या लूपमध्ये स्पष्ट दिसते, टाकीच्या पातळीच्या लूपमध्ये आकार वेगळे येतात, तिथे हा नियम तसाच लावू नये.)

“दादा, दहा मिनिटे मॅन्युअलवर घेऊ का?” असे ऑपरेटरला विचारून त्याने आउटपुट 43 टक्क्यांवर स्थिर ठेवले. प्रवाहाची रेषा सरळ झाली, म्हणजे हेलकावा पंपाकडून येत नव्हता, तो याच लूपमध्ये जन्मत होता. मग त्याने अर्ध्या टक्क्याच्या पायऱ्यांनी आउटपुट वाढवले. 44.5 पर्यंत प्रवाह जागचा हलला नाही, 45 ला एकदम उसळला. उलट दिशेने येताना तो थेट 41 जवळ सुटला.

तरीही त्याने व्हॉल्व्ह खोलायची घाई केली नाही, कारण दोष पोझिशनरमध्ये, म्हणजे आउटपुटप्रमाणे व्हॉल्व्हला हवा देणाऱ्या उपकरणातही असू शकतो. तो टॉर्च घेऊन व्हॉल्व्हपाशी गेला आणि ऑपरेटरला वायरलेसवर एकेक पायरी द्यायला सांगितले. पोझिशनरच्या आउटपुट गेजचा काटा दर पायरीला सरकत होता, पण दांड्यावरची खूण पट्टीवर जागीच होती. हवा पोहोचत होती, दांडा अडत होता. गळती थांबवण्यासाठी काही दिवसांपूर्वी ग्लँडचे, म्हणजे दांड्याभोवतीचे पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागाचे, नट फार आवळले गेले होते आणि दांड्यावर रसाचा चिकट थर बसला होता.

दाब असलेल्या लाइनवर नट सैल करण्यापूर्वी त्याने प्रवाह बायपासवर घेऊन व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी बंद केला. दांडा पुसून नट हाताने आवळता येतील इतकेच आवळले, तेव्हा खूण अर्ध्या टक्क्यालाही सरकू लागली. नवे पॅकिंग पुढच्या साफसफाईच्या बंदमध्ये घालायचे ठरले. निम्मा केलेला गेन पूर्ववत करायचा राहिला होता; तोही त्याने सकाळच्या नोंदवहीत लिहून ठेवला.