मीटर शून्याखाली, तरी ताशा फुटतो: मास्टरिंगमधल्या या चुका टाळा

रात्री साडेअकराला फोन आला. “दादा, ताशावर आवाज फुटतोय. दुसऱ्या अंतऱ्यानंतरच्या तोड्यात.” गणपतीला पंधरा दिवस राहिले होते आणि गाणं दुसऱ्या दिवशी अपलोड व्हायचं होतं. संगीतकार पोरगा लोकलने डोंबिवलीला निघाला होता. कानात वायरचे इयरफोन आणि फोनला स्वस्तातलं टाइप-सी डोंगल. त्याच्या गाण्याचं मास्टरिंग, म्हणजे आवाजाचं शेवटचं काम, मीच केलं होतं. मी गोरेगावच्या खोलीत सेशन उघडलं. मीटर उणे ०.१ डीबीवर, म्हणजे शून्य या कमाल पातळीच्या जरा खाली, क्लिपचा, म्हणजे लाट वर कापली गेल्याचा, लाल दिवा एकदाही लागला नव्हता, मॉनिटरवर तोडा स्वच्छ. “डोंगल बदल,” असं सांगून मी फोन ठेवला.

पहिली चूक तीच, आणि ती माझी. डोंगल स्वस्त होतं हे खरं, पण बिघडलेलं नव्हतं. माझ्या फाइलमध्येच असं काही होतं, जे माझ्या मीटरला दिसत नव्हतं.

सॅम्पल मीटरला कमाल पातळी समजणं

ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके एका ओळीत असतात, पण वळणदार रेष ठिपक्यांच्या बाहेरूनही फिरून येते. डिजिटल ऑडिओत सॅम्पल म्हणजे ठिपके. डीएडब्ल्यूमधला, म्हणजे गाणं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधला, साधा पीक मीटर फक्त ठिपक्यांची उंची वाचतो. ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जाते ती रेष. ती डॅकच्या, म्हणजे डोंगलसारख्या यंत्रात आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपच्या, आतल्या फिल्टरमध्ये तयार होते आणि दोन ठिपक्यांच्या मधे त्यांच्याहून उंच जाऊ शकते. त्या उंचीला इंटर-सॅम्पल पीक म्हणतात, आणि ती अंदाजाने मोजणाऱ्या मीटरला ट्रू पीक मीटर.

फरक किती पडतो, ते एका सुरावर काढता येतं. सॅम्पल रेट ४४,१०० आहे, म्हणजे सेकंदाला तेवढे ठिपके, आणि सूर बरोबर ११,०२५ हर्ट्झचा, म्हणजे एका आवर्तनात चार ठिपके. हे ठिपके ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर पडले, तर प्रत्येक ठिपका खऱ्या शिखराच्या ०.७०७ पट उंचीवर बसतो. आता फाइल नॉर्मलाइज करून ठिपके पूर्ण पातळीवर नेले, तर मीटर शून्य दाखवेल आणि रेषेचं शिखर १.४१४ वर असेल, म्हणजे शून्याच्या ३ डीबी वर. तोच सूर ४५ अंश सरकवला तर ठिपके थेट शिखरावर पडतात आणि मीटरही शून्य, रेषही शून्य. दोन्ही फाइलींत मीटरचा आकडा सारखाच.

यातून आणखी एक गोष्ट कळते. १०० हर्ट्झच्या ढोलाला एका आवर्तनात ४४१ ठिपके मिळतात, त्यामुळे शिखराजवळ एखादा ठिपका असतोच. ठिपके विरळ पडतात ते वरच्या पट्ट्यात. म्हणून ढोल सहसा निर्दोष सुटतो आणि ताशा, झांज, टाळ, गायिकेचा ‘स’ पकडले जातात. वर लिमिटरने, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर काही जाऊ न देणाऱ्या साधनाने, शेंडे कापून सपाट केले असतील तर सलग पाचसहा ठिपके छताला टेकतात. रेष मात्र एवढी चौकोनी वळू शकत नाही. ती सपाटीच्या आधी आणि नंतर फुगून वर येते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझ्या ताशासारखं होतं.

उणे ०.१ च्या सीलिंगला सुरक्षित म्हणणं

लिमिटरचं सीलिंग, म्हणजे छत, उणे ०.१ वर ठेवायची ही सवय सीडीच्या काळापासून चालत आली आहे आणि मीही ती प्रश्न न विचारता उचलली होती. वरच्या उदाहरणात सीलिंग उणे ०.१ ठेवलं तरी रेष अधिक २.९ वर जाते. दशांश डीबीच्या जागेत तीन डीबीचा फुगवटा कसा मावणार?

मग क्लिप नेमकं कुठे होतं? बहुतेक डॅक चिप आत ओव्हरसॅम्पलिंग करतात, म्हणजे आलेल्या ठिपक्यांच्या मधले ठिपके गणिताने काढतात. मधला ठिपका कमाल आकड्याच्या वर निघाला आणि त्यासाठी चिपमध्ये जागा राखलेली नसेल, तर तो तिथेच कापला जातो. माझ्या स्टुडिओतल्या डॅकमध्ये ती जागा आहे, पोराच्या डोंगलमध्ये नव्हती. ‘माझ्याकडे तर स्वच्छ वाजतं’ हे म्हणूनच पुरावा होत नाही.

सुरावरून एक इशारा. वरचा ११,०२५ चा सूर वाजवून डॅक तपासायला जाऊ नका. तो फुटला तरी त्याचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट कंपनांचा उपसूर, ३३ हजार हर्ट्झवर जातो, कुणाला ऐकू येणार? गाण्यात एकाच वेळी अनेक सूर असतात. क्लिप झाल्यावर त्यांच्या बेरजा-वजाबाक्या खालच्या पट्ट्यात उतरतात आणि तीच चरचर कानाला लागते.

दोष फाइलमध्ये की डॅकमध्ये, हे न तपासणं

जे आधीच करायला हवं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. त्याच डब्ल्यूएव्हीची एक प्रत ४ डीबीने खाली आणली आणि दोन्ही प्रती त्याला पाठवल्या. ‘दुसरी हळू वाटली तर आवाज वाढवून ऐक, पण दोन्ही एकाच डोंगलवर,’ असं कळवलं. खालच्या प्रतीत चरचर नव्हती. म्हणजे फुटणं डॅकमध्ये होत होतं. ठिपके शाबूत होते, फक्त रेषेला जागा नव्हती.

प्रत खाली आणूनही चरचर तशीच राहिली असती, तर क्लिप फाइलमध्येच कोरला गेला असता. मिक्समध्ये किंवा आधीच्या एखाद्या एक्सपोर्टमध्ये. मग मास्टर कितीही खाली आणा, उपयोग नाही, मागे जाऊन मूळ जागा शोधावी लागते. फक्त फोनचं व्हॉल्यूम कमी करून ही परीक्षा करू नका. काही डोंगलमध्ये व्हॉल्यूम डॅकच्या फिल्टरनंतर कमी होतं, तेव्हा कापलेली रेषच हळू ऐकू येते.

मोजण्यासाठी महागडं प्लगइन लागत नाही, टर्मिनलमध्ये चालणारं ffmpeg हे मोफत साधन पुरतं:

```
ffmpeg -i master.wav -af ebur128=peak=sample+true -f null -
```

शेवटी छापल्या जाणाऱ्या यादीत `Sample peak` आणि `True peak` वेगवेगळे येतात. माझ्या फाइलचे आकडे होते उणे ०.१ आणि अधिक १.३.

लिमिटरनंतर सॅम्पल रेट बदलणं

हा अधिक १.३ सगळा लिमिटरचा नव्हता. सेशन ९६ हजारांवर होतं, आणि मी लिमिटर लावून झाल्यावर ४४,१०० ला उतरवलं होतं. रेट बदलताना जुने ठिपके टाकून त्याच रेषेवर नव्या जागी ठिपके काढले जातात. नवा ठिपका नेमका फुगवट्यावर पडला की तो शून्याच्या वर जातो, आणि फाइल २४ किंवा १६ बिटची असेल तर तिथेच कायमचा कापला जातो. ३२ बिट फ्लोटमध्ये कापला जात नाही, कारण तिथे शून्याच्या वरचा आकडाही लिहिता येतो.

शिवाय २२ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गाळलं जातं. गाळल्यावर शिखर कमी व्हायला हवं असं वाटतं, पण तसं होईलच असं नाही. चौकोनी लाट घ्या, उंची १. तिचे सगळे वरचे हार्मोनिक काढून नुसता मूळ सूर ठेवला, तर त्याची उंची १.२७ निघते, म्हणजे २.१ डीबी जास्त. ते हार्मोनिकच त्याचं शिखर दाबून सपाट ठेवत होते.

म्हणून क्रम असा: आधी फ्लोटमध्ये रेट बदला, मग त्या नव्या रेटवर शेवटचा लिमिटर, मग १६ बिट करायचं असेल तर डिथर, म्हणजे बिट कमी करताना मिसळायचा अगदी बारीक गोंगाट. डिथरनंतर फेडरला हात नाही. मी क्रम सुधारल्यावर, बाकी काही न बदलता, अधिक १.३ चं अधिक ०.८ झालं.

डब्ल्यूएव्ही मोजून थांबणं

लोक ऐकतात त्या एएसी, एमपी३ किंवा ऑग अशा आकार घटवलेल्या फाइली. एन्कोडर कानाला न लागणारे तुकडे टाकतो, उरलेले कमी अचूकतेने साठवतो, आणि चौकोनी लाटेचाच प्रकार पुन्हा घडतो. बिटरेट जितका कमी, तितकी लाट जास्त बदलते. तपासायला स्वतः एन्कोड करून मोजा:

```
ffmpeg -i master.wav -c:a aac -b:a 128k test.m4a
ffmpeg -i test.m4a -af ebur128=peak=sample+true -f null -
```

प्रत्येक सेवेचा एन्कोडर वेगळा असतो, म्हणून आलेला आकडा दशांशापर्यंत खरा मानू नका, अंदाज म्हणून वापरा. माझ्या अधिक ०.८ च्या फाइलची १२८ ची प्रत अधिक १.९ वर गेली. त्यातही `Sample peak` शून्याच्या वर होता. म्हणजे डॅकपर्यंत जाण्याची गरजच नाही, फोनने डीकोड करून पूर्णांकात उतरवलं की क्लिप.

स्ट्रीमिंग सेवेचं लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी गाणी सारख्या आवाजात ऐकवायची सोय, चालू असेल तर मोठ्याने केलेलं मास्टर खाली आणलं जातं आणि बरेचसे फुगवटे त्यात मावतात, हे खरं. पण ऐकणाऱ्याने ते बंद ठेवलंय की नाही, हे आपल्या हातात नाही. आणि मंडळाच्या पेनड्राइव्हवरची फाइल कुणी नॉर्मलाइज करत नाही.

ट्रू पीकचं बटण दाबून निश्चिंत होणं

लिमिटरवरचं ते बटण दाबाच. पण आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.१७७० मानकातली मोजणी चौपट ओव्हरसॅम्पलिंगवर सांगितली आहे, आणि तीही ठिपकेच मोजते, फक्त दाट. सर्वांत वाईट परिस्थितीत ती सुमारे ०.७ डीबी कमी दाखवू शकते, आठपट केलं तर ०.२ च्या आत. म्हणून ट्रू पीक सीलिंग शून्यावर ठेवणं म्हणजे जुनीच चूक नव्या बटणाने करणं. युरोपच्या प्रसारणाचं आर१२८ उणे १ सांगतं. स्पॉटिफाय उणे १ सुचवतं, आणि मास्टर उणे १४ लफ्सपेक्षा, म्हणजे लाउडनेस मोजायच्या एककात, मोठं असेल तर उणे २.

माझ्या गाण्यावर मी सीलिंग उणे १ वर आणलं, १२८ ची प्रत तरीही अधिक ०.३ आली. सीलिंग आणखी ओढत बसलो असतो तर लिमिटरने ताशाचा टणत्कारच खाल्ला असता, कारण पीक पकडायला तो जास्त वेळा दाबायला लागतो. त्याऐवजी लिमिटरमध्ये जाणारी पातळी दीड डीबीने कमी केली आणि सीलिंग उणे १.५. लाउडनेस उणे ७.६ लफ्सवरून उणे ९ वर आला, १२८ ची प्रत उणे ०.४.

सगळ्याच फुगवट्यांचा असा पाठलाग करायची गरज नसते. अख्ख्या गाण्यात एकदाच, अर्धा डीबी वर गेलेलं शिखर बहुतेकांना ऐकू येणार नाही. ताशाच्या तोड्यात मात्र अशी शिखरं सेकंदाला दहावीस वेळा येतात, आणि कान ते सलग चरचर म्हणून धरतो.

नवी फाइल संध्याकाळी त्याच्या फोनवर गेली. “थोडं बारीक वाटतंय दादा,” असा निरोप आला. मी लिहिलं, आवाज वाढव. दहा मिनिटांनी, बहुधा ठाण्याच्या पुढे कुठेतरी, अंगठा आला.