दोघांच्या घरातले जूनचे सामान

गोव्यात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराने जूनची यादी इतर महिन्यांपेक्षा वेगळी करावी. बाजारात जे थोडे मासे येतात ते महाग असतात; आणि मासे वगळून बाकीची यादी तशीच ठेवली, तर जेवण पोटभर होते, पण प्रथिने कमी पडतात.

साठ आणि पन्नास किलो वजनाच्या जोडप्याचा हिशेब मांडून पाहा. उतारवयात स्नायू टिकण्यासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिने धरली, तर दोघांना मिळून 110 ग्रॅम लागतात. दोनशे ग्रॅम उकडे तांदूळ आणि दीडशे ग्रॅम पीठ यांतून सुमारे 30, शंभर ग्रॅम डाळींतून 22, पाऊण लिटर दुधातून 24 आणि दोन अंड्यांतून 12 ग्रॅम मिळतात. उरलेले 22 ग्रॅम एरवी बांगडे किंवा तारले भरून काढतात. जूनमध्ये त्यांच्या जागी रोज साठ ग्रॅम कडधान्य आणि पाव लिटर दूध वाढवावे. माशांसाठी बाजूला काढलेले पैसे इथेच वापरावेत.

म्हणून महिन्यासाठी सहा किलो उकडे तांदूळ, तीन किलो गव्हाचे पीठ, दीड किलो नाचणी आणि सुमारे पाच किलो डाळी-कडधान्ये लिहावीत. त्यांत तूरडाळ दीड किलो, मूगडाळ एक किलो, मूग एक किलो, आळसांदे एक किलो आणि कुळीथ अर्धा किलो असावेत. कवळी असेल तर अख्खे कुळीथ चावत नाहीत. त्यांचे पीठ करून पिठी करावी. नाचणी मात्र यादीतून काढू नये, कारण तिच्यात तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असते.

पूर्वी मे महिन्यातच चार महिन्यांचे पुरुमेत भरले जाई, पण ते दहा-बारा माणसांच्या घराचे माप होते. दोघांनी डाळी महिन्याच्याच घ्याव्यात आणि नाचणीचे पीठ पंधरवड्याला अर्धा-पाऊण किलोच दळून आणावे, कारण दमट हवेत ते लवकर कडवट होते. शेंगदाणे पाव किलोच घ्यावेत. बुरशी आलेले, सुरकुतलेले किंवा कडू लागणारे दाणे धुऊन-भाजून वापरू नयेत, कारण त्यांतले विष भाजण्याने पुरते जात नाही.

सुके बांगडे आणि सुकी सुंगटे चवीपुरतीच आणावीत, त्यातही रक्तदाब असलेल्यांनी फार जपून, कारण खारवलेल्या माशांतले मीठ भिजवून कमी झाले तरी संपत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर वरचे प्रथिनांचे माप धरू नये. डॉक्टरांनी सांगितलेलेच पाळावे.

महिनाअखेरीस पैसे कमी पडले, तर आधी बिस्किटे, फरसाण आणि साखर कमी करावी; डाळ, दूध आणि अंडी शेवटपर्यंत राखावीत.