चित्रात काय हाय, ते सांग

यवतमाळकडच्या आमच्या गावात पीक विम्याचा फॉर्म कसा भरायचा, याची वर्ड फाइल मी केली. अंध मित्राने ती एनव्हीडीए या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकली. म्हणाला, "भाऊ, ‘बँक माहितीचा स्क्रीनशॉट’ म्हंते. पण त्यात हाय काय?"

खरंच की! चित्र मी चूक दाखवायला टाकलं होतं, आणि चूकच लिहिली नव्हती.

चित्रावर राइट क्लिक करून त्याचं वर्णन लिहायचं View Alt Text उघडलं, लिहिलं: ‘IFSC रकान्यात पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ, खाली लाल सूचना Invalid IFSC, Submit बटण बंद.’ ‘स्क्रीनशॉट’ शब्द काढला. चित्र असल्याचं एनव्हीडीए स्वतःच सांगतो. दुरुस्ती कशी करायची ते मात्र खालच्या मजकुरात टाकलं, ते डोळसांनाही लागतं.

मित्राने पुन्हा ऐकलं. "हा ओ मीबी टाकला होता गा!"