पेढीचे पहिले मालक कोण? व्यापारी ग्रंथालयाला लिहिलेला मेल

माझ्या पीएचडीचा विषय ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखानदारांचा आहे. त्यांतल्या बऱ्याच पेढ्या मुळात मुंबईच्या. एमआयडीसीने साठच्या दशकात इथे गाळे दिले तेव्हा दुकानं तिकडेच ठेवून त्यांनी कारखाना इकडे आणला. अशाच एका पेढीची ही गोष्ट. नाव देत नाही, कारण घराण्यातली माणसं आजही तोच धंदा करतात. कापड गिरण्यांना लागणारं सामान, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘मिल स्टोअर्स’, विकणारी ही पेढी नागदेवी स्ट्रीटवर सुरू झाली. त्यांच्या माहितीपुस्तिकेत छापलं आहे: स्थापना 1898, संस्थापक आजच्या शेठजींचे पणजोबा. मला या वाक्याला छापील पुरावा हवा होता.

नव्याने हे काम करणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की सरकारी नोंदवही बघितली की झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण भागीदारी पेढ्यांची नोंदणी आपल्याकडे 1932च्या भागीदारी कायद्याने सुरू झाली, आणि तीही ऐच्छिक. त्याआधी भागीदारीचे नियम 1872च्या करार कायद्यातच होते आणि त्यात रजिस्टर नव्हतंच. म्हणजे 1900च्या आसपास नागदेवी स्ट्रीटवरची एखादी पेढी कोणाच्या मालकीची होती, हे सांगणारं सरकारी दप्तर मुळात तयारच झालेलं नाही. लिमिटेड कंपनी असती तर गोष्ट वेगळी. म्हणून अशा पेढ्यांसाठी वर्षाला एक निघणाऱ्या व्यापारी डिरेक्टऱ्यांकडे वळावं लागतं: कलकत्त्याची ‘थॅकर्स इंडियन डिरेक्टरी’, मुंबईची टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी. त्यांत पेढीच्या नावाखाली पत्ता, धंदा आणि पुष्कळदा भागीदारांची नावं मिळतात.

हे खंड फोर्टमधल्या एका व्यापारी ग्रंथालयात आहेत असं कळलं. सकाळी ऐरोलीला कनिष्ठ महाविद्यालयात तास असतात, त्यामुळे उठून तिकडे जाणं रोज शक्य नव्हतं. शिवाय जुने खंड कोठारात असतात आणि आधी मागणी केली तरच बाहेर काढतात. मी मेल लिहिला: ‘मी संशोधक विद्यार्थिनी आहे. अमुक पेढीच्या सुरुवातीच्या मालकांची माहिती आपल्याकडे असल्यास कृपया पाठवावी.’ आठवड्याने उत्तर आलं की अशी माहिती ग्रंथालयात नाही.

उत्तर खरं होतं. पेढीच्या नावाने त्यांच्याकडे एकही पुस्तक नव्हतं. डिरेक्टरीच्या आत ती पेढी असू शकते हे त्यांनी शोधावं, अशी माझी अपेक्षा होती, पण मी डिरेक्टरी हा शब्दही लिहिला नव्हता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मेल वाचला आणि विचारलं, “तुझ्या मेलवरून त्यांनी कोठारातलं कोणतं पुस्तक काढायचं, सांग बरं.” त्या एका प्रश्नावरून मी दुसरा मेल लिहायला घेतला. लिहिला इंग्रजीत, इथे मराठीत देते.

‘विषय: मुंबईच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांचे पाच खंड (1896, 1900, 1905, 1910, 1915), एका पेढीची नोंद.

आदरणीय ग्रंथपाल महोदय, मी मुंबई विद्यापीठात पीएचडी करते. नागदेवी स्ट्रीटवरच्या एका मिल स्टोअर्स पेढीचे पहिले भागीदार कोण होते ते मला पाहायचे आहे. पेढी स्वतःची स्थापना 1898 सांगते. वर दिलेल्या वर्षांचे थॅकर्स किंवा टाइम्स यांपैकी कोणते खंड आपल्याकडे आहेत? जे असतील त्यांत मुंबई शहराच्या विभागात दोन ठिकाणी पाहावे: व्यापाऱ्यांच्या अकारविल्हे यादीत पेढीच्या नावाखाली, आणि धंदेवार यादीत मिल स्टोअर्सखाली. नावाची मला सापडलेली चार स्पेलिंगं सोबत देते. नोंद असल्यास त्या पानाचा आणि खंडाच्या मुखपृष्ठाचा फोटो मिळावा. नोंद नसल्यास कोणत्या खंडात कोणत्या यादीत पाहिले एवढे कळवावे, तेही माझ्या उपयोगाचे आहे. शोधायला वेळ नसेल तर खंड काढून ठेवल्यास मी शुक्रवारी दुपारी येऊन स्वतः पाहीन. प्रतींचे शुल्क भरीन.’

यातल्या स्पेलिंगांबद्दल थोडं सविस्तर सांगते. त्या काळच्या इंग्रजी छपाईत एकच नाव दरवर्षी वेगळं येऊ शकतं. आडनावाच्या शेवटचा ‘जी’ कधी आय लावून तर कधी दोन ई लावून छापतात, आणि ‘भाई’चं ‘भॉय’ होतं. आपलं ठाणं जुन्या पुस्तकांत ‘टन्ना’ आहे, नंतर ‘थाना’. अकारविल्हे यादीत पहिलं अक्षरच बदललं तर नोंद पन्नास पानं पुढे जाते, आणि शोधणारा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. वेगवेगळी स्पेलिंगं शोधून देणं हे ग्रंथपालांचं काम नाही, ते आपणच करायचं असतं. मला ती पेढीच्या जुन्या बिलांवरून मिळाली.

आणि पाचच वर्षं का मागितली, तर सलग वीस खंड काढायला लावले असते तर कोणीही नकार दिला असता. चार-पाच वर्षांच्या अंतराने पाहिलं की बदल कोणत्या दोन खंडांमध्ये झाला ते दिसतं. मग फक्त त्या फटीतले मधले खंड मागायचे.

चौथ्या दिवशी ग्रंथपाल सरांचं उत्तर आलं. पाचही खंड होते. 1896मध्ये पेढी नाही, 1900मध्येही नाही. 1905 आणि 1910मध्ये आहे, आणि नावाखाली तीन माणसं आहेत. 1915मध्ये दोनच. मी त्या आठवड्यात शेठजींना भेटायला गेले आणि उत्साहाने सांगून टाकलं की तुमच्या पणजोबांबरोबर आणखी दोन भागीदार होते. ही माझी चूक होती. फोटो मोठा करून पाहिल्यावर तिसऱ्या नावापुढे बारीक अक्षरात ‘पर प्रो’ असं दिसलं. म्हणजे तो पेढीच्या वतीने सही करणारा मुखत्यार, मालकीत त्याचा वाटा असेलच असं नाही. डिरेक्टरीत भागीदार, मुखत्यार आणि मदतनीस एकाखाली एक येतात आणि त्यांच्यातला फरक अशा दोन-तीन अक्षरांवर असतो. म्हणून टाइप केलेली नावं घेऊ नयेत, पानाचा फोटोच मागावा. शेठजींना मी दुसऱ्या दिवशी फोन करून दुरुस्ती सांगितली. 1915मध्ये हा मुखत्यार होताच. गेला होता तो दुसरा भागीदार.

पुढचा मेल तीन ओळींचा होता. 1901 आणि 1902, तसंच 1911 ते 1914 एवढे खंड मागितले. पेढी 1901मध्ये नव्हती, 1902मध्ये पहिल्यांदा आली. दुसरा भागीदार 1912च्या खंडात होता, 1913च्या खंडात नव्हता.

इथे मी आणखी एकदा अडखळले. भागीदार 1912 साली बाहेर पडला असं धरून मी वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मवर त्या वर्षाच्या जाहीर नोटिसा चाळायला लागले. करार कायद्याच्या कलम 264प्रमाणे भागीदारी मोडल्याची जाहीर नोटीस दिली नाही तर ज्याला ती गोष्ट माहीत नाही त्या व्यापाऱ्यावर ती बंधनकारक होत नसे, त्यामुळे बाहेर पडणारा भागीदार सहसा नोटीस छापून घेई. आठ दिवस मी 1912 पाहिलं, काहीच नाही. मग लक्षात आलं की 1912चा खंड 1912च्या सुरुवातीला हातात यायचा तर त्याची माहिती 1911मध्येच गोळा झालेली असणार, आणि पेढीने बदल कळवला नसेल तर मागच्या वर्षीची नोंद तशीच पुन्हा छापली जाणार. नोटीस 1911च्या ऑगस्टमध्ये सापडली. खंडावरचं वर्ष हे माहितीचं वर्ष नसतं. नाव दिसेनासं होतं त्याच्या निदान दोन वर्षं मागून शोधायला लागावं.

1902च्या पहिल्या नोंदीबद्दलही हेच. तिच्यामुळे 1898 खोटं ठरत नाही. लहान दुकानं डिरेक्टरीत उशिरा येत, आणि युरोपीय पेढ्यांची माहिती जितक्या तपशिलाने छापली जाई तितकी आपल्या व्यापाऱ्यांची छापत नसत. काही कधीच आली नाहीत. उलट बाजूने, पेढीच्या नावावरूनही मालक ठरवू नये. फोल्कार्ट ब्रदर्स ही पेढी दोन भावांनी 1851मध्ये एकाच वेळी विंटरथूर आणि मुंबई इथे काढली. त्यांतला मुंबईचा भाऊ 1861मध्ये वारला, तरी पाटीवर ‘ब्रदर्स’ पुढेही राहिलं. याच फोल्कार्ट आणि टाटांच्या भागीदारीतून 1954मध्ये व्होल्टास झाली.

1898चा प्रश्न तरी उरलाच होता. पेढीच्या नावाने आणखी शोधण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मी नाव सोडलं आणि नोटिशीत सापडलेल्या दुसऱ्या भागीदाराचं पूर्ण नाव धरलं. ग्रंथपाल सरांना लिहिलं की 1900च्या खंडात मिल स्टोअर्सच्या यादीत या व्यक्तीचं स्वतंत्र दुकान आहे का, एवढंच पाहावं, आणि सोबत नागदेवी स्ट्रीटचा घर क्रमांक दिला. त्याच दिवशी संध्याकाळी फोटो आला. दुकान होतं, त्याच क्रमांकावर, एकट्या त्याच्या नावाने. 1896च्या खंडातही होतं.

तेव्हा प्रबंधात मी असं लिहिलं: या जागेवर 1896पासून दुसऱ्या भागीदाराचं दुकान होतं, आजच्या शेठजींचे पणजोबा छापील नोंदीत 1902मध्ये त्याच्या जोडीने दिसतात, 1911मध्ये तो बाहेर पडल्यावर पेढी त्यांच्या एकट्याकडे आली. पणजोबा 1898मध्ये तिथे नोकरीला होते, की न छापलेल्या भागीदारीत होते, हे डिरेक्टरीवरून ठरत नाही. कोणाचा किती वाटा तेही ठरत नाही, तो आकडा भागीदारीच्या करारनाम्यातच असतो, दहा आणे-सहा आणे अशा हिशेबात.

शेठजींना मी सगळे फोटो दाखवले. त्यांनी 1900चं पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हे आडनाव आमच्या घरात दर दिवाळीला निघायचं. आजी म्हणायची, पहिली मिठाई त्यांच्याकडे जायची. का जायची ते कोणी सांगितलं नाही.” मग त्यांनी भायखळ्याच्या जुन्या घरातल्या चोपड्यांची पेटी उघडायचं कबूल केलं. ग्रंथपाल सरांना मी नोटिशीची प्रत आणि सगळ्या नोंदींची खंड-पान यादी पाठवली आहे.