उन्हाळी लागली होती, आता थंडी वाजून ताप आलाय: संसर्ग किडनीपर्यंत गेलाय का, हे कसं ओळखावं

एक शिक्षिका, वय 34. सोमवारी लघवीला जळजळ सुरू झाली. दर अर्ध्या तासाला जावं लागे आणि गेल्यावर चार थेंब. घरच्यांनी उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. मागच्या वर्षी याच त्रासावर डॉक्टरांनी नायट्रोफ्युरॅन्टॉइनच्या कॅप्सूल दिल्या होत्या, त्यातल्या 4 उरल्या होत्या. त्या तिने दोन दिवसांत संपवल्या आणि बुधवारी जळजळ बरीच कमी झाली.

गुरुवारी रात्री दात वाजतील अशी हुडहुडी भरली. दोन गोधड्या घेऊनही थंडी जाईना. तासाभराने ताप मोजला तर 102.6, आणि उजव्या बाजूला पाठीत ठणका. तिला वाटलं, उन्हाळी तर बरी झाली, हा व्हायरल असेल. शुक्रवार पॅरासिटामॉलवर काढला. शनिवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा नवरा तिला घेऊन दवाखान्यात आला.

जळजळ कमी झाली म्हणजे आजार उतरला, हा तिचा समज अगदी स्वाभाविक होता. बहुतेकांचा असतो, आणि त्यातच दोन दिवस जातात. जळजळ मूत्राशय आणि मूत्रमार्गाची असते. आतड्यातले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, मूत्रमार्गातून मूत्राशयात शिरतात. बायकांचा हा मार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, म्हणून त्यांना हा त्रास जास्त. संसर्ग मूत्राशयातच राहिला तर जळजळ, सारखी घाई, ओटीपोटात दुखणं, कधी लघवीत थोडं रक्त, एवढंच होतं. यालाच सिस्टायटिस म्हणतात. त्यात अंग थोडं कसकसतं, पण हुडहुडी भरत नाही आणि 101-102 ताप येत नाही. जंतू मूत्रवाहिनीतून वर किडनीत चढले की सगळ्या शरीराचा आजार होतो. ताप, थंडी, मळमळ, पाठीत दुखणं. खालची जळजळ तेव्हा थांबलेलीही असू शकते. काही जणांना ती झालेलीच नसते.

आधी ताप मोजा, मगच गोळी घ्या

हाताने कपाळ चाचपून चालणार नाही. थर्मामीटर लावा आणि आकडा वेळेसह कागदावर लिहा. 100.4 किंवा त्याहून जास्त ताप आणि गेल्या आठवड्यात लघवीचा त्रास, एवढ्यावरून किडनीचा संशय धरायचा. पॅरासिटामॉल घेऊन तासाभराने मोजलेला ताप फसवतो.

दुखतं ते नेमकं कुठे, हे बघा

"कंबर दुखते" असं सगळेच सांगतात, पण किडनी कंबरेत नसते. ती बरीच वर असते. पाठीवर शेवटची बरगडी जिथे मणक्याला मिळते, त्या कोपऱ्यात. घरातल्या कुणाला तरी तिथे तळहात ठेवून त्यावर दुसऱ्या हाताच्या मुठीने हलकेच ठोकायला सांगा, आधी न दुखणाऱ्या बाजूला, मग दुसऱ्या. किडनीला सूज असेल तर माणूस दचकतो. त्या शिक्षिकेने उजवीकडे नुसता हात टेकताच अंग आखडून घेतलं.

स्नायूचं दुखणं वाकताना, कूस बदलताना कमी-जास्त होतं. किडनीचं कसंही झोपलं तरी ठणकत राहतं. खड्याची कळ आणखी वेगळी. ती लाटेसारखी येते, जांघेकडे उतरते, आणि माणसाला एका जागी बसवत नाही. अशी कळ आणि ताप एकत्र असतील तर सकाळपर्यंत थांबू नका. खड्याने अडलेल्या लघवीत पू झाला असेल तर तो वाट करून काढावाच लागतो, नुसत्या औषधाने भागत नाही.

उरलेली गोळी घेऊ नका

नायट्रोफ्युरॅन्टॉइन हे मूत्राशयासाठी उत्तम औषध आहे. ते लघवीत भरपूर उतरतं, म्हणून तिथले जंतू मरतात. पण किडनीच्या मांसात आणि रक्तात ते पुरेसं पोचत नाही. म्हणून खाली आराम पडतो आणि वर आजार वाढत राहतो. उन्हाळीवर मेडिकलमधून आणलेलं सायट्रेटचं सिरपही जळजळ शमवतं, जंतू मारत नाही.

तापाला पॅरासिटामॉल चालेल: मोठ्या माणसाला 500 किंवा 650 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान 6 तास, दिवसात 4 पेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल तर विचारूनच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. ताप आणि उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला आणखी त्रास देतात.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे, आणि पहिल्या अँटिबायोटिकआधी लघवी

प्रयोगशाळेतून कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, निर्जंतुक डबी मिळते. जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या, झाकणाला आतून बोट लावू नका. दोन तासांत डबी पोचवा. जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. साध्या तपासणीत पू-पेशी लगेच कळतात, कल्चरला 2-3 दिवस लागतात. अँटिबायोटिकचा एक डोस जरी आधी पोटात गेला तरी कल्चरमध्ये जंतू उगवेनासे होऊ शकतात. पण रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवायचे नसतात. नमुना दिला की औषध सुरू. पावसाळ्यात थंडीताप असेल तर डॉक्टर मलेरिया-डेंग्यूची तपासणीही सांगतील, ती करून घ्या.

गरोदर बाई, मधुमेही, एकच किडनी असलेले किंवा किडनी बदललेले, आणि पुरुष यांनी थोड्या तापातही थांबू नये. म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नाही. अचानक बरळणं, जेवण सोडणं, एवढंच दिसतं. औषध उलटून पडत असेल, लघवी फार कमी झाली असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा धाप लागत असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठा.

पहिले 48 तास

योग्य औषध सुरू झाल्यावरही पहिला दिवसभर ताप चढतो-उतरतो. त्याला घाबरू नका. ताप मोजत राहा, आकडे लिहीत राहा. चढ दर वेळी थोडी खाली यायला हवी. 48 ते 72 तासांत ताप हटला नाही तर औषध जंतूला लागू नाही, खडा अडलाय किंवा किडनीत गळू झालंय, यांपैकी काहीतरी असू शकतं, आणि मग सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो.

त्या शिक्षिकेला उलट्यांमुळे दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक दिलं. सोमवारी कल्चर आलं: ई. कोलाय. आणि गंमत नव्हे, खरंच नीट पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे, नायट्रोफ्युरॅन्टॉइनपुढे ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे औषध जंतूला लागू, असंच छापलं होतं. नवऱ्याने विचारलं, "मग त्या कॅप्सूलनी का नाही झालं?" एक तर कोर्स अर्धाच झाला होता. शिवाय तो शिक्का मूत्राशयातल्या जंतूपुरता खरा होता, आणि जंतू वर गेला होता. सोनोग्राफीत खडा नव्हता. मंगळवारी सकाळी तिच्या कागदावरचा आकडा 98.8 होता. घरी जाताना उरलेल्या दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या, एकही जास्त नाही.