पुस्तकातली मापं आणि बदली जिन्नस, मी काय केलंय ते

रेसिपीचं मूळ पुस्तक अमेरिकन, त्यामुळे सगळं कपात. तिकडचा कप साधारण २४० मिलीचा, आपल्याकडे चहाच्या कपापासून वाटीपर्यंत काहीही चालतं. बरं कप सारखा घेतला तरी मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम आणि दाबून भरला तर १५० च्या आसपास जातो, म्हणजे केक दगड. म्हणून मैदा, साखर, लोणी सगळं ग्रॅममध्ये करून टाकलं, साधा किचनचा वजनकाटा घ्याच. चमचे मात्र तसेच ठेवलेत, छोटा ५ मिली, मोठा १५.

खरं डोकं खाल्लं बटरमिल्कने. तिथलं दुकानातलं बटरमिल्क दाट आणि आंबट असतं, आपलं ताक घातलं की पीठ पाण्यासारखं होतं. मग तीन भाग आंबट दही आणि एक भाग पाणी घुसळून वापरलं. पॅनकेकमध्ये २ कप बटरमिल्क होतं, तिथे ३६० ग्रॅम दही आणि १२० मिली पाणी लिहिलंय. दह्याऐवजी नुसतं दूध नको हां, त्यात सोड्याला पुरेल इतका आंबटपणा नसतो, पॅनकेक नीट फुगत नाहीत आणि साबणासारखी चव येते. दही गोडसर असेल तर छोटा चमचा लिंबू पिळा.

ब्राऊन शुगर मिळाली तर उत्तमच, नाहीतर २०० ग्रॅम साखरेत मोठा चमचाभर काकवी चोळा. गूळ मुद्दाम टाळलाय, कुकीज वेगळ्याच लागतात. आणि बटर खारं असेल तर रेसिपीतलं मीठ वगळा.